खोली होस्टेलची, कमाई शिकवण्याची

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश कॅप फेऱ्यांतून पूर्ण होईपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. नवी मुलं होस्टेलवर येतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातात एक यादी पडते: ड्राफ्टर, ड्रॉइंग बोर्ड, शीट ठेवायची नळी, अॅप्रन, वर्कशॉपचा बॉयलर सूट, सायंटिफिक कॅल्क्युलेटर. त्याच इमारतीत दोन मजले वर हेच सगळं सामान दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या पलंगाखाली धूळ खात पडलेलं असतं. आणखी दोन महिन्यांनी इंजिनिअरिंग ग्राफिक्स आणि एम-वन या दोन विषयांनी नव्या मुलांच्या तोंडचं पाणी पळालेलं असतं. हे विषय ज्यांना चांगले जमले होते, ती मुलंही वरच्याच मजल्यावर राहत असतात.

होस्टेलमध्ये राहून चार पैसे कमवायचे असतील तर नियमात बसणाऱ्या दोनच वाटा आहेत, आणि त्या दोन्ही इथे दिसतात. आपल्याला येतं ते शिकवणं ही एक आणि आपल्याला नको झालेलं सामान पुढच्याला रास्त भावात देणं ही दुसरी. प्रत्यक्षात मात्र बऱ्याच मुलांना पहिल्यांदा सुचतं ते दुकान. बिस्किटं, मॅगी, कोल्ड्रिंक आणून रात्री अकरानंतर खोलीतून विकायची. म्हणून आधी त्या दुकानाचाच हिशेब मांडून पाहू.

बिस्किटांच्या दुकानात उरतं काय?

घाऊक दुकानातून दहा रुपयांचा बिस्किटपुडा नऊ रुपयांना मिळाला असं धरू. महिन्यात ३०० पुडे आणले तर २,७०० रुपये गुंतले. सगळे रोखीने विकले गेले तर हाती ३०० रुपये उरतील. होस्टेलमध्ये सगळे रोखीने घेत नाहीत. ‘लिहून ठेव, घरून पैसे आले की देतो’ हे वाक्य पहिल्याच आठवड्यात ऐकू येतं, आणि ते म्हणणारा आपला मित्रच असतो. ३०० पैकी ३० पुड्यांची उधारी बुडाली तर उरलेल्या २७० पुड्यांचे नेमके २,७०० रुपये मिळतात. दहातली एक उधारी बुडाली की नफा शून्य. उंदरांनी पोखरलेले आणि ओल लागून मऊ पडलेले पुडे अजून या हिशेबात धरलेलेच नाहीत.

मग मुलं म्हणतात, रात्रीची सोय आहे, दहाचा पुडा बाराला विकू. इथे गोष्ट कायद्यात शिरते. पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त पैसे घेणं हा वैधमापन कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्यातून होस्टेलची खोली सुटत नाही. खाद्यपदार्थ विकणाऱ्या अगदी छोट्या विक्रेत्यालाही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार नोंदणी करावी लागते. खोलीत किटली किंवा इंडक्शनवर मॅगी करून विकायची तर विजेच्या उपकरणांचा नियम आडवा येतो. जवळपास प्रत्येक होस्टेलमध्ये अशी उपकरणं जप्त होतात. जुन्या इमारतीचं वायरिंग पंखा, दिवा आणि चार्जर यांच्या बेताने केलेलं असतं, त्यावर किटली लावली तर तारा तापतात. हा नियम जाच म्हणून केलेला नाही, आग लागू नये म्हणून केलेला आहे.

सिगारेट-तंबाखूबद्दल तर बोलायलाच नको. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला बंदी आहे. डोकेदुखीच्या गोळ्या घाऊक आणून सुट्या विकणंही परवान्याशिवाय चालत नाही.

म्हणजे या दुकानात भांडवल आपलं, उधारी मित्रांची आणि जोखीम होस्टेलमधून नाव कमी होण्याची. इतकं करून महिन्याला ३०० रुपये सुटतीलच याची खात्री नाही. अनेक होस्टेलच्या नियमपुस्तिकेत ‘खोलीचा वापर व्यावसायिक कामासाठी करता येणार नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक ज्या हमीपत्रावर सही करतात, त्यात हा नियम मान्य केलेला असतो. ते हमीपत्र आणि पुस्तिका एकदा पूर्ण वाचून काढणं ही कुठल्याही कमाईची पहिली पायरी. भेटायला येणाऱ्यांच्या वेळा, रात्री शांतता कधीपासून, बाहेरच्या माणसाला खोलीत प्रवेश आहे का, कॉमन रूम आणि रीडिंग रूम कशासाठी वापरता येते, एवढं तरी वहीत टिपून घ्यावं.

जुनं सामान: विकत घेऊ नका, मध्ये उभे राहा

आता ड्राफ्टरकडे येऊ. पहिलं वर्ष संपलं की बहुतेक शाखांच्या मुलांना ड्राफ्टरची गरज उरत नाही. मे-जूनमध्ये होस्टेल रिकामं करताना ही मुलं तो मिळेल त्या भावाला द्यायला तयार असतात. नव्या मुलांना तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हवा असतो. मधल्या दोन-तीन महिन्यांच्या अंतरात एखाद्या हुशार विद्यार्थ्याला धंदा दिसतो: आता स्वस्तात घ्यायचे आणि नंतर विकायचे.

आकडे मांडून पाहू. नवा ड्राफ्टर ५०० रुपयांना मिळतो, जुना २०० ला घेतला आणि २५० ला विकला असं धरू. दहा ड्राफ्टर घेतले तर २,००० रुपये गुंतले. ऑगस्टमध्ये सातच विकले गेले तर १,७५० रुपये आले. २५० रुपये अंगावर पडले आणि तीन ड्राफ्टर कपाटावर राहिले. शिवाय सुट्टीत खोली रिकामी करायची असल्यामुळे ते ठेवायचे कुठे हा प्रश्न वेगळाच. काही महाविद्यालयांनी ग्राफिक्सचा बराचसा भाग संगणकावर नेला आहे. तिथे पुढच्या वर्षी ड्राफ्टर लागेलच याचीही खात्री देता येत नाही.

तेच काम भांडवल न घालता करता येतं. सामान मालकाकडेच राहू द्यायचं आणि आपण फक्त यादी ठेवायची. एका वहीत किंवा फोनमधल्या तक्त्यात चार रकाने पुरतात: वस्तू, मालकाची खोली, त्याला किती हवेत, वस्तूची अवस्था. खरेदीदार आला की वस्तू दाखवायची, व्यवहार झाला की ठरलेले ५० रुपये आपले. सात ड्राफ्टर गेले तर ३५० रुपये मिळाले, आणि न विकलेल्या तिनांचं ओझं आपल्यावर नाही. हे ५० रुपये कुठून येतात ते दोन्ही बाजूंना आधीच सांगावं. मालकाला २०० मिळणार, घेणारा २५० देणार, मधले ५० वस्तू तपासण्याचे आणि गाठ घालून देण्याचे. ही गोष्ट लपवली आणि नंतर कळली, की पुढच्या वर्षी कोणी दारात येत नाही.

तपासणीचं म्हटलं ते महत्त्वाचं आहे, कारण मध्यस्थाची खरी किंमत तिच्यातच आहे. नव्या मुलाला बिघडलेला ड्राफ्टर ओळखता येत नाही. ड्राफ्टर बोर्डच्या वरच्या कडेला क्लॅम्पने घट्ट बसवायचा. डोकं शून्य अंशावर आणून वरच्या डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेघ मारायची. मग काहीही न फिरवता तो खाली उजवीकडे सरकवायचा आणि दुसरी रेघ मारायची. दोन्ही रेघा पुरेशा लांब वाढवून त्यांच्यातलं अंतर दोन्ही टोकांना मोजायचं. अंतर सारखं नसेल तर दांड्यांच्या जोडात ढिलाई आली आहे. जोड आवळून फरक पडला तर ठीक, नाहीतर तो ड्राफ्टर विकायचा नाही. पुढे आडव्या पट्टीने एक रेघ, उभ्या पट्टीने दुसरी, आणि कोपऱ्यात गुण्या ठेवून काटकोन बघायचा. क्लॅम्पच्या स्क्रूचे आटे गेलेत का तेही पाहावं, कारण आटे गेलेला ड्राफ्टर ऐन परीक्षेत बोर्डवरून घसरतो. हे सगळं पाच मिनिटांत होतं आणि घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत करावं.

कॅल्क्युलेटरचं तंत्र निराळं. प्रत्येक बटण दाबून पाहायचं आणि पडद्यावरच्या अंकांतली एखादी रेघ गायब आहे का ते बघायचं. घेणाऱ्याच्या विद्यापीठाच्या परीक्षेत ते मॉडेल चालतं का, याचीही चौकशी करायची. अनेक परीक्षांत प्रोग्रॅम साठवता येणारे कॅल्क्युलेटर चालत नाहीत. ही चौकशी न करता विकलेला कॅल्क्युलेटर परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकाच्या टेबलावर जाऊन पडतो.

पुस्तकांबाबत एक सावधगिरी. छापील जुनं पुस्तक विकणं पूर्णपणे रास्त आहे. अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ किंवा झेरॉक्स प्रती काढून विकणं मात्र लेखकाच्या आणि प्रकाशकाच्या हक्कावर घाला आहे. स्वतःच्या हाताने काढलेल्या नोट्स आपल्या असतात, त्या खुशाल विकाव्यात.

या सगळ्यातून एका मोसमात हजार-दीड हजार रुपये सुटले तरी पुष्कळ झालं. मोसम संपला की ही कमाई थांबते. वर्षभर चालू शकेल अशी वाट शिकवण्याचीच आहे.

शीट विकायची की शीट काढायला शिकवायचं?

इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये शिकवण्याच्या जवळच एक मोठा बाजार असतो, त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. सबमिशन जवळ आलं की ज्युनियर येतो आणि विचारतो, ‘दादा, माझी शीट मारून देता का?’ काचेखाली दिवा लावायचा, काचेवर कोणाची तरी पूर्ण झालेली शीट, तिच्यावर कोरा कागद, आणि खालून दिसणाऱ्या रेघा गिरवत जायच्या. याला सगळे ‘जीटी’ म्हणतात, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. जर्नल लिहून देण्याचेही दर ठरलेले असतात. पैसे लगेच मिळतात आणि काम डोक्याला ताप देत नाही.

पण टर्मवर्कचे गुण ज्या कामासाठी आहेत ते काम दुसऱ्याने करणं ही फसवणूक आहे. पकडलं गेलं तर शीट देणारा आणि घेणारा दोघंही अडकतात. त्याहून वाईट पुढे घडतं. जीटी मारलेल्या मुलाला लेखी परीक्षेत तोच प्रश्न वेगळे आकडे घालून येतो आणि तो कोरा पेपर देऊन बाहेर पडतो. ज्याने ५० रुपयांना शीट विकली त्याने त्या मुलाचा विषय बुडवायला हातभार लावला, असं माझं ठाम मत आहे. त्याच मुलाला ५० रुपयांत दीड तास बसवून शिकवलं असतं तर तो पास झाला असता.

तो दीड तास कसा जातो ते पाहू. ग्राफिक्समध्ये मुलं अडतात ती पहिल्याच पायरीवर, बिंदूच्या प्रक्षेपात. प्रश्न असतो: एक बिंदू एचपीच्या २० मिमी वर आणि व्हीपीच्या ३० मिमी पुढे आहे, त्याची दोन्ही दृश्यं काढा. ज्युनियर पाठ केलेलं सांगतो, ‘फ्रंट व्ह्यू वर, टॉप व्ह्यू खाली.’ का, असं विचारलं की गप्प.

इथे वहीतला एक कागद पुरतो. तो मधोमध काटकोनात दुमडायचा. एक बाजू टेबलावर आडवी, ती एचपी. दुसरी उभी, ती व्हीपी. दोन्ही जिथे मिळतात ती घडी म्हणजे एक्स-वाय रेषा. आता पेनचं टोक आडव्या कागदापासून २० मिमी उंच आणि उभ्या कागदापासून ३० मिमी अलीकडे धरायचं. समोरून पाहिलं तर ते टोक उभ्या कागदावर घडीपासून २० मिमी वर दिसतं, तिथे खूण करायची. वरून पाहिलं तर आडव्या कागदावर घडीपासून ३० मिमी अलीकडे दिसतं, तिथे दुसरी खूण. मग आडवी बाजू खाली वळवायची, म्हणजे सगळा कागद एका पातळीत येतो. पहिली खूण घडीच्या वर राहते, दुसरी खाली जाते. ज्युनियरने जे पाठ केलं होतं ते त्याच्या डोळ्यांसमोर घडतं.

यानंतर एकच प्रश्न विचारायचा: हाच बिंदू व्हीपीच्या मागे ३० मिमी नेला तर? ज्याला कळलं तो कागद पुन्हा दुमडून बघतो. एचपीची पुढची बाजू खाली वळते तेव्हा मागची बाजू वर जाते, म्हणून दोन्ही दृश्यं रेषेच्या वर येतात असं तो स्वतः सांगतो. ज्याला कळलं नाही तो ‘फ्रंट वर, टॉप खाली’ हेच पुन्हा म्हणतो. शिकवणं पोचलं की नाही, हे ओळखायला एवढी कसोटी पुरते. दोन्ही प्रतलांशी तिरकी असलेली रेषा, जिथे खरी लांबी, दिसणारी लांबी आणि लोकस या तीन शब्दांत मुलं गुरफटतात, ती याच पायावर उभी आहे. पाया न घालता थेट विद्यापीठाचे जुने प्रश्न सोडवून दाखवणारा शिकवणारा दोन आठवड्यांत अडकतो, कारण ज्युनियर प्रत्येक नव्या प्रश्नाला पुन्हा त्याच्याच दारात येतो.

सहा मुलं, सहा आठवडे

आता पैशांचा हिशेब. सत्रअखेरच्या परीक्षेच्या आठ-नऊ आठवडे आधी सुरुवात करायची, म्हणजे शेवटचे दोन-तीन आठवडे शिकवणाऱ्याला स्वतःच्या अभ्यासाला मिळतात. आठवड्यातून दोन बैठका, प्रत्येकी दीड तास, सहा आठवडे: एकूण १२ बैठका, १८ तास. गट सहा मुलांचा. यापेक्षा मोठा गट झाला की प्रत्येकाच्या शीटवर नजर ठेवता येत नाही आणि ते व्याख्यान होऊन बसतं. व्याख्यान तर मुलांनी सकाळी वर्गात ऐकलेलंच असतं.

प्रत्येकाकडून पूर्ण सहा आठवड्यांचे ६०० रुपये घेतले तर एका बैठकीला ५० रुपये पडतात आणि एकूण ३,६०० रुपये जमतात. प्रश्नसंचाच्या झेरॉक्सला २४० रुपये गेले. प्रत्येक बैठकीआधी तासभर तयारी धरली तर शिकवणाऱ्याचे एकूण ३० तास लागले. उरलेले ३,३६० रुपये ३० तासांत विभागले तर तासाला ११२ रुपये पडतात. तयारीचा वेळ न धरता ‘तासाला २०० मिळतात’ असं मोजणारा स्वतःलाच फसवतो आणि मग महिन्याभरात थकून सोडून देतो.

पहिल्या दोन बैठकांचे पैसे घेऊ नयेत. ज्याला पटलं नाही तो निघून जाऊ शकला पाहिजे. तिसऱ्या बैठकीला निम्मे आणि महिन्याने निम्मे घ्यावेत. यूपीआयने घेतले की नोंद आपोआप राहते, तरी वहीत नाव, तारीख, रक्कम लिहावी. मध्येच कोणी सोडलं तर न झालेल्या बैठकांचे पैसे परत करावेत आणि हे सुरुवातीलाच सांगून ठेवावं. एखाद्याची परिस्थिती खरोखर नसेल तर त्याला न बोलता सामावून घ्यावं. सहात एक विनाशुल्क बसला तरी हिशेब कोलमडत नाही. इतक्या छोट्या कमाईवर जीएसटीचा प्रश्न येत नाही, सेवांसाठी नोंदणीची मर्यादा साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची आहे. शिष्यवृत्ती मिळत असेल तर तिच्या अटींत उत्पन्नाबद्दल काय लिहिलं आहे ते मात्र पाहून घ्यावं.

प्रत्येक बैठक सुरू होताना मागच्या भागावरचं एक गणित वीस मिनिटांत, काहीही न विचारता सोडवायला द्यावं. सलग दोनदा निम्म्याहून जास्त मुलांचं चुकलं तर दोष शिकवण्यात आहे, पुढचा धडा थांबवावा. ‘पास करून देतो’ असं वचन कोणालाही देऊ नये. परीक्षेला बसणारा तो आहे, आपण नाही.

सीनियर असण्याची जबाबदारी

या सगळ्यात सर्वांत नाजूक भाग पैशांचा नाही, नात्याचा आहे. बाहेरच्या क्लासला ‘नको’ म्हणता येतं. वरच्या मजल्यावरच्या दादाला ‘नको’ म्हणायला पहिल्या वर्षाचा मुलगा घाबरतो. म्हणून सीनियरने ज्युनियरला काहीही विकताना कायद्याचं एक कलम पाठ असावं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत रॅगिंगच्या व्याख्येतच एक प्रकार आहे: नव्या विद्यार्थ्याकडून पैसे उकळणं किंवा त्याच्यावर जबरदस्तीने खर्चाचा भार टाकणं. आपलं शैक्षणिक काम नव्या विद्यार्थ्याकडून करून घेणंही त्याच व्याख्येत येतं. महाराष्ट्रात तर १९९९ पासून रॅगिंगविरोधी स्वतंत्र कायदा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

याच नियमांमुळे पहिल्या वर्षाच्या मुलांची राहण्याची सोय शक्यतो वेगळी केली जाते आणि तिथे सीनियरच्या ये-जा करण्यावर लक्ष ठेवलं जातं. त्यामुळे ज्युनियरच्या खोल्यांत जाऊन ‘क्लासला ये’ म्हणणं चुकीचं, आणि त्यांना आपल्या खोलीत रात्री बोलावणंही चुकीचं. हेतू कितीही चांगला असला तरी दार बंद असलेल्या खोलीत सहा घाबरलेली नवी मुलं आणि एक सीनियर हे दृश्य रेक्टरांना वेगळंच दिसतं, आणि ते तसं दिसणं योग्यही आहे.

यावर उपाय सोपा आहे. शिकवणी रीडिंग रूममध्ये, मेसच्या हॉलमध्ये जेवणाच्या वेळा सोडून, किंवा विभागातल्या रिकाम्या वर्गात घ्यावी. वेळ संध्याकाळी सहा ते साडेसात, म्हणजे रात्रीची शांततेची वेळ मोडत नाही. विभागात घेतली तर मुलींच्या होस्टेलमधल्या विद्यार्थिनीही येऊ शकतात. एरवी मुलांच्या होस्टेलमधल्या शिकवणीची दारं त्यांना बंदच असतात. मुलींच्या होस्टेलमध्ये एखाद्या ताईने असाच गट चालवला तर त्याला मागणी कमी नसते. खोलीत फक्त तयारी करावी आणि हिशेबाची वही ठेवावी. रूममेटला यातून काहीच मिळत नाही, तर त्याची झोपमोड तरी होऊ नये.

आणि परवानगी लेखी घ्यावी. तोंडी ‘हो हो, शिकवा’ पुरत नाही. रेक्टर बदलले की तोंडी परवानगी त्यांच्याबरोबर जाते. अर्ज चार ओळींचा असला तरी चालतो:

‘माननीय रेक्टर यांस, सप्रेम नमस्कार. मी तृतीय वर्ष मेकॅनिकलचा विद्यार्थी असून प्रथम वर्षाच्या जास्तीत जास्त सहा विद्यार्थ्यांना इंजिनिअरिंग ग्राफिक्स शिकवू इच्छितो. त्यासाठी रीडिंग रूम दर मंगळवारी व शुक्रवारी सायंकाळी ६ ते ७.३० या वेळेत सहा आठवडे वापरण्याची परवानगी मिळावी. प्रत्येक विद्यार्थ्याकडून संपूर्ण कालावधीचे ६०० रुपये घेण्याचा विचार आहे. सहभाग पूर्णपणे ऐच्छिक राहील. विद्यार्थ्यांची नावं व हिशेबाची वही आपण सांगाल तेव्हा दाखवेन.’

शुल्काचा आकडा अर्जात लिहायला मुलं कचरतात. तोच लिहायला हवा. तो लपवला आणि नंतर कळला तर परवानगी असूनही ती फसवणूक ठरते. रेक्टर कधीकधी म्हणतील, पैसे घेऊ नका. तसं झालं तर विभागप्रमुखांना भेटावं. अनेक महाविद्यालयांत ‘कमवा आणि शिका’ योजना असते. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत किंवा कार्यालयात काम केलेल्या तासांचे पैसे विद्यार्थ्याला त्यातून मिळतात. मागच्या वर्षी राहिलेल्या मुलांना शिकवण्याचं काम या योजनेत बसेल का, असं विचारायला हरकत नाही. मग पैसे ज्युनियरच्या खिशातून न येता संस्थेकडून येतात, आणि सीनियर-ज्युनियरमधला अवघडपणाही संपतो.

ही योजना आपल्या मातीतली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हापासून वसतिगृहातली मुलं स्वतःच्या कष्टाने शिकत आली. साताऱ्याला १९४७ मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजमध्येही तोच विचार पुढे चालला. त्या मुलांचं काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, संस्थेच्या माहितीने चालत असे. त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं.

आजच्या होस्टेलमधल्या कमाईलाही हाच नियम लावावा. जी कमाई रेक्टरांना दाखवता येते, रूममेटला चालते आणि जिला ज्युनियर न घाबरता ‘नको’ म्हणू शकतो, तेवढीच करावी. पहिल्या वर्षाच्या मुलाला याची दुसरी बाजू सांगतो. शीट विकत घेऊ नकोस, ती काढायला शिकवणारा दादा शोध. आणि कोणी विकत घ्यायला भाग पाडत असेल तर त्याच दिवशी रेक्टरांना सांग, कारण कायदा तुझ्या बाजूने आहे.